डिस्चार्ज कार्डावरचं ‘एसओएस’
अँजिओप्लास्टीनंतरच्या कार्डावर ‘एचएस’ म्हणजे रात्री झोपताना, एवढं बहुतेकांना केमिस्ट सांगतो. ‘सॉर्बिट्रेट ५, एसएल, एसओएस’ ही ओळ मात्र घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावी: छातीत दुखलं तरच, खाली बसून गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ला फोन करायचा.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत. बरं वाटतंय म्हणून या गोळ्या परस्पर बंद करणं हीच मोठी चूक.

डॉक्टरांना विचारा: दोन्ही गोळ्या किती महिने, नंतर कोणती कायम? एखादा डोस राहिला तर? दात काढायचा असेल तर? शौचाला काळी झाली तर फोन कोणाला?