एकच निफ्टी, दोन किमती

निफ्टी ५० मध्ये दहा हजार रुपये गुंतवायचे आहेत. इंडेक्स फंड घेतला, तर दुपारी तीनच्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही फंडाकडे पोचले की त्या दिवशीची एनएव्ही मिळते. ती बाजार बंद झाल्यावर ठरते, म्हणजे घेताना भाव माहीतच नसतो. एनएव्ही २५० रुपये निघाली, तर पन्नास पैसे मुद्रांक शुल्क वजा जाऊन ३९.९९८ युनिट मिळतात. अपूर्णांक चालतो, डीमॅट खातेही लागत नाही.

ईटीएफ मात्र शेअरसारखा बाजारात मिळतो. समोर कोणीतरी विकणारा लागतो आणि भाव तो सांगतो. फंडाच्या संकेतस्थळावर आयएनएव्ही, म्हणजे युनिटचे त्या क्षणाचे अंदाजी मूल्य, २५० दिसत असताना विक्रेता २५३ मागत असेल, तर ३९ युनिटला ९,८६७ रुपये पडतात. ११७ रुपये जास्तीचे गेले. कमी खर्चाचा ईटीएफ म्हणून मिरवणाऱ्यांनी हा खर्चही धरावा, दलाली वेगळीच.

एरवी मार्केट मेकर नवी युनिट आणून ही तफावत बुजवतात. पण परदेशी शेअरांच्या ईटीएफमध्ये परकीय गुंतवणुकीची मर्यादा भरली की नवी युनिट निघत नाहीत आणि भाव मूल्याच्या बराच वर जातो. म्हणून आधी आयएनएव्ही पाहावी, मग तिच्या आसपासची लिमिट ऑर्डर टाकावी. मार्केट ऑर्डर टाकली, तर विक्रेता मागेल तो भाव मोजावा लागतो.