दावा हरल्यावर वर जायचे ते कोणत्या वाटेने?

तालुक्याच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला की वकिलाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वरच्या कोर्टात जाता येईल ना?" बहुतेक वेळा जाता येते. पण कोणत्या अर्जाने जायचे आणि तिथे काय मागायचे, हे चूक कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 या कायद्याने त्यासाठी तीन वाटा आखल्या आहेत. अपील, पुनरीक्षण म्हणजे रिव्हिजन आणि पुनर्विलोकन म्हणजे रिव्ह्यू. वाट चुकली तर खरी बाजू असलेला माणूसही हरतो, आणि मला हे फार अन्यायाचे वाटते. कारण ही चूक टाळता येण्यासारखी असते.

एक कल्पित दावा घेऊ. शेजाऱ्याने बांध सरकवून आपली 6 गुंठे जमीन दाबली, ताबा परत मिळावा, असे वादीचे म्हणणे. बांध होता तिथेच आहे, असे प्रतिवादीचे. दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे आहे.

सुरुवातीलाच प्रतिवादी अर्ज देतो. अतिक्रमण 20 वर्षांपूर्वीचे असल्याचे वादपत्रातच लिहिले आहे, ताबा मागायची मुदत 12 वर्षांची, तेव्हा वादपत्र इथेच फेटाळा. न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला तर दावा संपतो. वादपत्र फेटाळणे हा कायद्याने हुकूमनामाच मानला आहे, म्हणून वादीला त्यावर अपील करता येते. अर्ज नामंजूर झाला, म्हणजे शेजाऱ्याचा ताबा मालकीहक्काने कधीपासून झाला हे पुराव्याशिवाय ठरणार नाही असे न्यायाधीशांनी म्हटले, तर प्रतिवादीला अपील नाही. त्याच्यासाठी कलम 115 चे पुनरीक्षण आहे, तेही थेट उच्च न्यायालयात, 90 दिवसांच्या आत.

अर्ज एकच, पण त्यावरचा हुकूम बदलला की वाटही बदलते. याचे कारण 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आहे. त्याआधी दावा चालू असताना झालेल्या कितीतरी लहानसहान हुकमांवर रिव्हिजन दाखल होत आणि मूळ दावा तिष्ठत राही. दुरुस्तीने कसोटी घातली की, तोच हुकूम अर्जदाराच्या बाजूने झाला असता तर दावा तिथेच संपला असता का? संपला असता, तरच पुनरीक्षणात हात घालायचा. शिवाय पुनरीक्षणात विषय अधिकारक्षेत्राचा असतो. खालच्या कोर्टाने नसलेला अधिकार वापरला, असलेला वापरला नाही, किंवा वापरताना कायदा डावलला, एवढेच तिथे तपासले जाते. साक्षीदार खरा की खोटा, ही चर्चा तिथे होत नाही.

आता समजा, कोर्ट कमिशनर नेमून जमीन पुन्हा मोजावी हा प्रतिवादीचा अर्ज नामंजूर झाला. तो मंजूर झाला असता तरी दावा संपला नसता. म्हणून पुनरीक्षण नाही. अपील करता येणाऱ्या हुकमांच्या यादीतही तो नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयाकडे जाता येते, पण तो देखरेखीचा अधिकार आहे आणि न्यायालय तो जपून वापरते. मात्र कलम 105 लक्षात ठेवावे. अशा हुकमातील चुकीमुळे निकालावर परिणाम झाला असेल, तर तो मुद्दा पुढे हुकूमनाम्यावरच्या अपिलात घेता येतो. प्रत्येक हुकमाला धावत मुंबई किंवा नागपूर गाठण्याची गरज नसते.

दावा पुढे चालतो. सरकारी मोजणीचा नकाशा निशाणी 42 ला दाखल होतो, मोजणीदाराची साक्ष होते आणि वादीच्या बाजूने हुकूमनामा होतो. प्रतिवादी हरला. पहिले अपील जिल्हा न्यायालयात, कलम 96 खाली, 30 दिवसांत. निकाल 10 जूनचा धरा. त्याने 12 जूनला नकलेचा अर्ज केला आणि नक्कल 27 जूनला तयार झाली, तर हे 16 दिवस मुदतीतून वगळले जातात आणि शेवटची तारीख 10 जुलैऐवजी 26 जुलै होते. नकलेचा अर्जच मुदत उलटून गेल्यावर केला, तर ही वजावट उपयोगाची नाही. मग विलंब माफीचा अर्ज, त्यासाठी पटेल असे कारण, आणि त्यावर वेगळी सुनावणी.

आणखी एक गैरसमज हमखास आढळतो. अपील दाखल केले म्हणजे हुकूमनामा थांबला असे नसते. स्थगितीचा वेगळा अर्ज देऊन हुकूम मिळवला नाही, तर वादी दरखास्त दाखल करून बेलिफामार्फत ताबा घेऊ शकतो. अपील पुढे जिंकले, तरी तोवर जमिनीवर दुसऱ्याचे पीक उभे असते.

पहिल्या अपिलात मात्र सगळे प्रकरण नव्याने तपासता येते, तथ्येही आणि कायदाही. मोजणीची नोटीस शेजाऱ्याला मिळाली होती का? दोन्ही गट मोजले की एकच? मोजणी कोणत्या कायम खुणेपासून सुरू केली? मोजणीदाराच्या उलटतपासात यांची उत्तरे डळमळीत असतील, तर जिल्हा न्यायालय निष्कर्ष फिरवू शकते. न्यायालयाने मुद्दे काढून प्रत्येकावर कारणांसह निर्णय देणे अपेक्षित आहे. नवा पुरावा मात्र सहसा घेतला जात नाही. खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला होता किंवा प्रयत्न करूनही तेव्हा मिळाला नव्हता, असे काही दाखवावे लागते.

त्यानंतर वाट एकदम अरुंद होते. उच्च न्यायालयातले दुसरे अपील कलम 100 खाली, मुदत 90 दिवस. 1976 च्या दुरुस्तीनंतर तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो आणि तो न्यायालयाने शब्दांत मांडावा लागतो. मोजणीदारावर विश्वास ठेवायला नको होता, हा असा प्रश्न नव्हे. हद्द सिद्ध करण्याचा भार वादीऐवजी प्रतिवादीवर टाकला, हा होऊ शकतो. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात, त्यामुळे तिकडच्या पक्षकारांचा मुंबईचा फेरा वाचला. प्रश्नाची अट मात्र तीच आहे. सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद 136 खाली आधी परवानगी मागावी लागते. ती मिळणे हा हक्क नाही.

राहिला रिव्ह्यू. इथे वर जायचे नसते. ज्या न्यायालयाने निकाल दिला, त्यालाच तो पुन्हा पाहायला सांगायचे, 30 दिवसांत. निकालपत्रात "मोजणीचा नकाशा दाखल नाही" असे लिहिले आहे आणि निशाणी 42 ला तो आहे, ही वरवर पाहताच दिसणारी चूक झाली. नकाशा वाचून न्यायाधीशांनी चुकीचा अर्थ काढला, असे म्हणणे असेल तर ती अपिलाची बाब. पूर्ण काळजी घेऊनही आधी न सापडलेला महत्त्वाचा कागद, हे रिव्ह्यूचे दुसरे कारण. अपील आधी दाखल केले असेल तर त्याच पक्षकाराला रिव्ह्यू मागता येत नाही. फेटाळलेल्या रिव्ह्यूवर अपील नाही.

सर्वात जास्त नुकसान इथेच होते. रिव्ह्यू चालू असताना मूळ निकालावरच्या अपिलाची मुदत थांबत नाही. सहा महिन्यांनी रिव्ह्यू फेटाळला गेला की हातात फक्त विलंब माफीचा अर्ज उरतो, आणि तो मंजूर होईलच असे नाही. चूक उघडी दिसत असूनही मन साशंक असेल, तर माझ्या मते सरळ अपील करावे. दिसणारी चूक अपिलातही दाखवता येते.

निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी, नकलेचा अर्ज द्या आणि त्याची तारीख असलेली पोच जपून ठेवा.