पीएलसीचा दरवाजा आणि दोन याद्या

चाकणच्या एखाद्या कारखान्यात नवी पॅकिंग लाइन बसते. मोटारी, व्हॉल्व्ह, सेन्सर यांना हुकूम सोडणारा छोटा औद्योगिक संगणक, म्हणजे पीएलसी, पॅनेलमध्ये असतो. त्याच्यातले आकडे वरच्या मजल्यावरच्या स्काडाला हवे असतात: किती पेट्या झाल्या, तापमान किती, कुठली मोटर थांबली. या दोघांमधली आजची प्रचलित भाषा म्हणजे ओपीसी यूए. पीएलसी सर्व्हर होतो आणि आकडे मागणारा स्काडा किंवा लॅपटॉप क्लायंट. साधारणपणे 4840 या पोर्टवर जोडणी होते. सुरक्षा बंद ठेवली, तर पाच मिनिटांत आकडे दिसू लागतात. ती चालू केली की क्लायंटच्या पडद्यावर हमखास ही ओळ येते:

```
BadSecurityChecksFailed (0x80130000)
```

इथे बरेच जण हात टेकतात आणि सुरक्षा पुन्हा `None` वर नेतात. खरं तर या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की पीएलसीने अजून समोरच्याला ओळखलेलं नाही.

ही ओळख सर्टिफिकेटवर चालते. प्रत्येक ओपीसी यूए प्रोग्रॅमकडे स्वतःचं सर्टिफिकेट असतं. त्यात त्याचं नाव, मुदत, सार्वजनिक किल्ली आणि `urn:` ने सुरू होणारा त्याचा खास पत्ता असतो. हे सर्टिफिकेट कुणीही पाहिलं तरी बिघडत नाही. गुप्त राहते ती त्याच्या जोडीची खासगी किल्ली. क्लायंट जोडणीची पहिली विनंती आपल्या खासगी किल्लीने सही करून पाठवतो आणि पीएलसी सर्टिफिकेटमधल्या सार्वजनिक किल्लीने ती सही तपासतो. दुसऱ्याचं सर्टिफिकेट चोरून कुणी पुढे केलं तरी त्याला सही जमणार नाही.

आता अडचण अशी की कारखान्यातली बहुतेक सर्टिफिकेटं प्रोग्रॅमने स्वतःच तयार करून स्वतःच सही केलेली असतात. ती काही बँकेच्या संकेतस्थळासारखी जगन्मान्य संस्थेने दिलेली नसतात. सोसायटीच्या गेटवर कुणी घरच्या प्रिंटरवर छापलेलं ओळखपत्र दाखवलं, तर वॉचमन ओळखपत्रापेक्षा आपल्या वहीकडे बघेल. तीच वही म्हणजे ट्रस्ट लिस्ट. आणि अशा वह्या दोन असतात. पीएलसीच्या यादीत क्लायंटचं सर्टिफिकेट हवं, तसंच क्लायंटच्या यादीत पीएलसीचंही. एकच बाजू भरली तर जोडणी होत नाही. निम्मा गोंधळ इथलाच.

सीमेन्सचा एस7-1500 आणि जोडणी तपासायला सर्रास वापरला जाणारा `UaExpert` हा प्रोग्रॅम घेऊ. `UaExpert` पहिल्यांदा उघडला की आधी स्वतःचं सर्टिफिकेट बनवायला सांगतो. पीएलसीचा पत्ता दिल्यावर सुरक्षेचे पर्याय दिसतात, त्यातला `Basic256Sha256` आणि `SignAndEncrypt` निवडायचा. पीएलसी आपलं सर्टिफिकेट पाठवतो आणि पडद्यावर विचारणा येते, यावर विश्वास ठेवायचा का? सवयीने इथे लगेच बटण दाबलं जातं. वास्तविक संपूर्ण व्यवहारात माणसाने डोळे उघडे ठेवायची हीच जागा आहे. त्या खिडकीत थंबप्रिंट, म्हणजे चाळीस अक्षर-आकड्यांचा ठसा असतो. तोच ठसा पीएलसीचा प्रोग्रॅम असलेल्या टीआयए पोर्टलमध्येही दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून जुळवायचे. जुळले नाहीत, तर मधे कुणीतरी भलतंच उत्तर देतंय किंवा तुम्ही दुसऱ्याच पीएलसीशी बोलताय.

एवढं करूनही वरची चूक येते, कारण पीएलसीची वही अजून कोरी आहे. लॅपटॉपवरच्या `UaExpert` च्या फोल्डरमधून `PKI\own\certs\uaexpert.der` ही फाइल घ्यायची, टीआयए पोर्टलच्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये आणायची, सीपीयूच्या ओपीसी यूए सर्व्हरच्या विश्वासू क्लायंटच्या तक्त्यात टाकायची आणि प्रोग्रॅम पीएलसीवर उतरवायचा. शेजारच्या `own\private` फोल्डरमधली फाइल मात्र कुणालाच द्यायची नाही. ती खासगी किल्ली आहे. ईमेलवर दोन्ही फाइली एकदम पाठवणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चुकीची ओळ इतकी मोघम का? ते मुद्दाम आहे. आपण नेमकं कशावर अडवलं, हे सर्व्हरने अनोळखी माणसाला सांगू नये, अशी या प्रमाणाची धारणा आहे. खरं कारण सर्व्हरच्या बाजूच्या नोंदीत शोधायचं. तिथे `BadCertificateUntrusted` दिसलं तर यादी अपुरी आहे. `BadCertificateUriInvalid` दिसलं तर सर्टिफिकेटमधला `urn:` पत्ता आणि प्रोग्रॅम स्वतःचा म्हणून सांगतोय तो पत्ता वेगळे आहेत. या पत्त्यात बहुधा संगणकाचं नाव असतं. आयटीवाल्यांनी लॅपटॉपचं नाव बदललं की प्रोग्रॅम नवं नाव सांगतो आणि सर्टिफिकेटवर जुनंच राहतं. मग सर्टिफिकेट नवं बनवून ते पुन्हा पीएलसीच्या यादीत घालावं लागतं.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे `BadCertificateTimeInvalid`. मुदत संपली की ती येते, पण नव्याकोऱ्या सर्टिफिकेटवरही येते. एस7-1500 चं घड्याळ वीज नसताना साधारण सहा आठवडे टिकतं. पीएलसी चार महिने स्टोअरमध्ये पडून राहिला आणि नंतर पॅनेलमध्ये बसला, तर त्याची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. त्याच्या दृष्टीने तुमच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. इथे सर्टिफिकेटं उलटीपालटी करण्यात दिवस जातो, आणि उपाय असतो घड्याळ लावण्याचा. पीएलसीला नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरशी जोडून टाकावं म्हणजे पुन्हा बघायला नको.

या कटकटीवरची पळवाट टीआयए पोर्टलमध्येच आहे. क्लायंटची सर्टिफिकेटं आपोआप स्वीकारायचा एक चौकोन असतो. तो टिकला की चूक गायब, आणि वहीचाही उपयोग संपला. संदेश सांकेतिक होऊन जातात, वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, पण दाराशी कुणीही आला तरी तो आत. त्यातून पासवर्डशिवाय प्रवेशही चालू असेल तर विचारायलाच नको. चाचणीपुरता हा चौकोन ठीक, पण चाचणी संपल्यावर तो काढायला कुणी परत येत नाही, हे पॅनेलवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

हे केवळ आपल्याकडचं नाही. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी 2020 साली इंटरनेटवर उघडे असलेले ओपीसी यूए सर्व्हर तपासले, तेव्हा 92 टक्के ठिकाणी सुरक्षेच्या मांडणीत दोष आढळले. वेगवेगळ्या नेटवर्कमधली शेकडो उपकरणं एकच सर्टिफिकेट वापरत होती. म्हणजे खासगी किल्लीही एकच. एका उपकरणातून ती हाती लागली, तर बाकीच्या सगळ्यांची सोंगं घेता येतात. एक तयार पीएलसी प्रोग्रॅम दहा मशिनांवर जसाच्या तसा उतरवताना हे सहज घडू शकतं, म्हणून प्रत्येक मशिनला वेगळं सर्टिफिकेट बनवून द्यावं.

यादीतून नाव काढणं हे घालण्याइतकंच गरजेचं, पण ते टाळलं जातं, आणि त्याला कारण आहे. मशिन बसवून गेलेल्या ठेकेदाराचा लॅपटॉप यादीतून काढायचा, तर जुन्या पद्धतीत हार्डवेअरची मांडणी पुन्हा उतरवावी लागते आणि त्यासाठी सीपीयू स्टॉपमध्ये जातो. चालू लाइन एका नावासाठी थांबवायला प्रॉडक्शनवाले तयार होत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. टीआयए पोर्टल व्ही17 आणि फर्मवेअर 2.9 पासून सीपीयू रनमध्ये असतानाच सर्टिफिकेटं आणि याद्या नेटवर्कवरून बदलता येतात. त्याला जीडीएस पुश म्हणतात. त्याआधीचे पीएलसी असतील, तर निघून गेलेल्या लॅपटॉपांची नावं मेंटेनन्सच्या वहीत लिहून ठेवायची आणि पुढच्या शटडाउनला एकदम काढायची.