पॉलिकार्बोनेटचे छत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीच्या शेडवरचे पॉलिकार्बोनेटचे छत गळू लागले की दोष बहुधा सिलिकॉनला दिला जातो. ते कमी पडले असेल असे समजून दरवर्षी त्यावर नवा थर चढतो. गळतीचे मूळ मात्र अनेकदा स्क्रूच्या भोकात असते.

पॉलिकार्बोनेट तापल्यावर लोखंडाच्या पाचपटीहून जास्त पसरते: एका मीटरला, एका अंशामागे, सुमारे 0.065 मिलिमीटर. पोकळ कप्प्यांचा 6 मीटर लांबीचा पत्रा थंडीच्या पहाटे 10 अंशांवर बसवला आणि वैशाखाच्या उन्हात तो 60 अंशांपर्यंत तापला, तर त्याची लांबी जवळजवळ 20 मिलिमीटरने वाढते. खालचा लोखंडी सांगाडा तेवढाच तापला तरी चारेक मिलिमीटरच वाढतो. उरलेल्या 16 मिलिमीटरना जागा हवी. ती नसेल तर पत्रा पर्लिनांच्या मधे फुगतो, सकाळ-संध्याकाळ कटकट वाजतो, भोके लांबट होतात आणि शेवटी स्क्रूपासून बारीक तडे फुटतात.

‘घट्ट आवळले की गळत नाही’ ही समजूत म्हणूनच उलटी आहे. आखूड पत्र्याला स्क्रूपेक्षा काही मिलिमीटर मोठे भोक आणि रुंद वॉशर पुरतो. वॉशर टेकेपर्यंतच स्क्रू फिरवायचा, वॉशर चेपायचा नाही. एवढ्या लांब पत्र्याला मात्र मोठे भोकही अपुरे ठरते. तिथे वरच्या टोकाला तो पक्का धरावा, बाजूच्या कडा ॲल्युमिनियमच्या पट्टीत ईपीडीएम रबरावर सरकत्या ठेवाव्यात आणि खाली वाढीला मोकळी जागा सोडावी.

‘सगळीकडून सील करा’ हा सल्लाही अर्धाच खरा. पत्र्याचे कप्पे उताराच्या दिशेने असावेत. वरचे तोंड ॲल्युमिनियमच्या अखंड टेपने बंद करतात, तर खालच्या तोंडाला हवा जाऊ देणारी सच्छिद्र टेप लागते. खालचेही तोंड बुजवले की आत साचलेल्या दमटपणाला वाट उरत नाही आणि पुढे कप्प्यांत हिरवे शेवाळ दिसते. उतार निदान 5 अंशांचा, म्हणजे मीटरला सुमारे 9 सेंटिमीटर हवा. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचेच घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पॉलिकार्बोनेटला तडे पाडू शकते.

पत्रा हलका, मग पर्लिन लांब लांब चालतील, असेही मानले जाते. 10 मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही, हे खरे. पण बाजू उघड्या असलेल्या बस थांब्यात किंवा शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. अंतर ठरते ते या ओढीवरून. अशा पत्र्याला एक मीटरच्या आसपास अंतर ठेवतात, कडेच्या गाळ्यात त्याहून कमी. नेमका आकडा त्या पत्र्याच्या भारतक्त्यातून घ्यावा. अंतर वाढले की वाऱ्यात पत्रा जास्त वाकतो आणि त्याची कड पट्टीतून निसटते. पत्रा शाबूत, पण जागेवरून उडालेला दिसला, तर आधी हेच अंतर मोजावे.