एका रेघेची भिंत, मापाचा पीळ

थ्रीडी प्रिंटर एरवी वस्तू थराथरांनी रचतो. एक थर संपला की नोझल जरा वर उचललं जातं आणि त्या जागी बारीकसा व्रण राहतो. स्पायरल व्हाज पद्धतीत नोझल थांबतच नाही. तळ छापून झाला की ते फिरता फिरता वर चढतं, दर फेरीला एका थराच्या उंचीइतकं. फुलदाणीची अख्खी भिंत म्हणजे सलग एकच रेघ. म्हणून सांधा दिसत नाही.

यामुळे आरेखनाची रीतच बदलते. भिंतीची जाडी चित्रात दाखवायचीच नाही. फुलदाणी भरीव ठोकळा म्हणून काढायची. पोकळ काढली तर दर थरात आतली आणि बाहेरची अशा दोन कडा येतात आणि सलग रेघ जमत नाही. स्लायसरमध्ये `Spiral vase` (क्युरात `Spiralize Outer Contour`) निवडलं की तो फक्त बाहेरची कड धरतो, आतला भराव आणि माथा सोडून देतो.

मग जाडी ठरते कशावर? रेघेच्या रुंदीवर. नोझलचं भोक 0.4 मिमीचं असलं तरी रेघ 0.6 मिमीची काढता येते, कारण भोकाभोवतीचा सपाट काठ जास्तीचं प्लास्टिक दाबून पसरवतो. मेंदीचा कोन तळहाताच्या अगदी जवळ धरून दाबला की रेघ रुंद होते, तसंच. भोकाच्या दीडपटीपर्यंत हे निर्धास्त जमतं. त्यापुढे रेघेच्या कडा काठाबाहेर जातात आणि भिंत ओबडधोबड होऊ लागते.

आता एक फुलदाणी प्रत्यक्ष बघू. षटकोनी, उंची 180 मिमी, मध्यापासून कोपरा 40 मिमीवर, तळापासून माथ्यापर्यंत पीळ 120 अंश. ओपनएससीएडीमध्ये ती एवढ्यात होते:

```
linear_extrude(height=180, twist=120, slices=450)
  offset(r=4, $fn=48) offset(delta=-4)
    circle(r=40, $fn=6);
```

दोन `offset` कोपरे गोलसर करतात. टोकदार कोपऱ्यावर नोझल मंदावतं आणि तिथे प्लास्टिकचा फुगवटा येतो. `slices` कमी ठेवले तर पिळाऐवजी आडव्या पट्ट्या दिसतात.

हा पीळ पेलेल का, हे छापण्याआधीच काढता येतं. 120 अंशांत कोपरा साधारण 84 मिमी सरकतो. 0.2 मिमीचा थर धरला तर एकूण 900 फेऱ्या, म्हणजे दर फेरीला 0.09 मिमी. ही सरक भिंतीला तिरकी असते. षटकोनात तिच्यातली निम्मीच, म्हणजे सुमारे 0.05 मिमी, भिंतीबाहेर येते. 0.6 मिमीच्या रेघेपैकी 0.55 मिमी खालच्या रेघेवर टेकते. भिंत भक्कम उभी राहते.

पीळ 720 अंश, म्हणजे सहापट केला, तर दर फेरीला 0.28 मिमी भाग अधांतरी राहतो आणि जेमतेम निम्मी रेघ टेकते. भिंतीचा कल 45 अंशांपलीकडे जातो आणि रेघ लोंबू लागते. या आकाराला साधारण 500 अंश ही मर्यादा समजावी. पीळ जास्त झाल्याची खूण ठरलेली आहे: खरखर कोपऱ्याच्या एकाच बाजूला येते, कारण तीच बाजू वर जाताना बाहेर झुकत असते, दुसरी आत कलते. चहूबाजूंनी सारखीच खरखर असेल तर दोष पिळाचा नसून तापमानाचा किंवा प्लास्टिकच्या पुरवठ्याचा असतो.

मापात ठेवलेला पीळ भिंतीला ताठपणाही देतो. सपाट पातळ बाजू बोटाने दाबली की आत जाते. पिळलेली बाजू दोन दिशांनी वळलेली असल्याने तेवढ्याच जाडीत कमी दबते.

ही फुलदाणी सेकंदाला 40 मिमी वेगाने साधारण दीड तासात छापून होते आणि पीएलए 35 ग्रॅमच्या आसपास लागतं. मात्र भिंतीला दुसरा पदर नसतो. प्लास्टिक क्षणभर कमी पडलं की आरपार छिद्र. दिव्यासमोर धरली की अशी जागा उजळ दिसते. पाणी ओतून कागदावर ठेवली की गळती बहुधा तळ आणि भिंत जुळतात तिथे सापडते. सुक्या फुलांना ती चालते, ताज्या फुलांसाठी आत काचेची नळी ठेवावी.

स्लायसरमध्ये हीच फुलदाणी दुप्पट मोठी केली तर भिंत दुप्पट होत नाही, ती 0.6 मिमीच राहते आणि हातात लचकते. जाडी हवी तर नोझल बदलायचं. 0.8 मिमीच्या नोझलने 1 मिमीची रेघ, 0.4 मिमीचा थर. पण त्याच 40 मिमीच्या वेगाला आता सेकंदाला 16 घन मिमी प्लास्टिक वितळायला हवं, आधी 5 पुरत होतं. साध्या हॉटएंडला 10-12च्या पुढे ते झेपत नाही, म्हणून वेग 25 मिमीवर आणावा लागतो.