हद्दीच्या अलीकडे, हद्दीच्या पलीकडे

रत्नागिरी शहर कुठे संपते आणि नाचणे किंवा शिरगाव कुठे सुरू होते, हे नवख्याला सांगता येणार नाही. इमारती सारख्या आणि रस्ताही तोच. मात्र एका बाजूला नगर परिषद आहे आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. लोकप्रशासनाच्या वर्गाला माझा पहिला प्रश्न इथलाच असेल : घरासमोरचे गटार तुंबले, तर या दोन बाजूंच्या रहिवाशांनी जाब कुठे आणि कसा विचारायचा?

पंचायतीच्या हद्दीतल्या मतदाराला ग्रामसभा आहे. तिच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खरी पळवाट इथे आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी इतिवृत्ताची वही मागून पाहावी. सभा वारंवार तहकूब होऊन मोजक्याच सह्यांवर ठराव होत असतील, तर गाव विचारायचे थांबले आहे असे समजावे.

पुढचा प्रश्न पैशाचा. 2021-22 पासून पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित अशी विभागणी होती. समजा, पंचायतीला 10 लाख मिळाले. त्यातले 3 लाख पाण्यासाठी, 3 लाख स्वच्छतेसाठी राखीव. साकव किंवा पाखाडी हवी असेल, तर ती उरलेल्या 4 लाखांतून. त्यातूनही पगार देता येत नाहीत. गटार मात्र सांडपाण्याच्या कामात बसू शकते. ‘पैसे नाहीत’ असे उत्तर आले, तर ‘कोणत्या भागातले नाहीत?’ असे लगेच विचारावे.

शहराकडची बाजू मला अधिक सलते. संविधानाने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी सुमारे 76 हजारांची होती. क्षेत्रसभेची तरतूद पुढे आली, पण ग्रामसभेसारखी ती लोकांत रुळली नाही. मग उरतो नगरसेवक. नगर परिषदेची मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली आणि मतदान झाले 2 डिसेंबर 2025 रोजी. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे संविधान सांगत असताना इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात चार वर्षे गेली. तेवढा काळ सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे होते. ठरवणारा आणि अंमल करणारा अधिकारी एकच असेल, तर अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारे सभागृह राहत नाही. घरपट्टी मात्र भरावीच लागते.

म्हणून वर्गाला शेवटचे काम असे द्यावे : त्या चार वर्षांतला एक खर्चाचा ठराव माहितीच्या अधिकारात मिळवायचा, शेजारच्या पंचायतीतला एक ठराव त्याच्या बाजूला ठेवायचा, आणि दोन्ही ठरावांवर हरकत घ्यायची संधी नेमकी कोणाला होती ते शोधायचे.