वीस बोंडांचा व्हिडिओ

आदिलाबाद भागात मराठी बोलणारे कापूस उत्पादक मोठ्या संख्येने आहेत. तेथे काम करणाऱ्या एका पीक सल्लागाराने गुलाबी बोंडअळीवर पहिला व्हिडिओ तयार केला तेव्हा तो चार मिनिटांहून मोठा झाला. नमस्कार, स्वतःचे नाव, पदवी आणि अनुभव सांगण्यातच सुरुवातीचा वेळ गेला. पुढे किडीचे शास्त्रीय नाव, जीवनक्रम, पाच उपाय आणि शेवटी दूरध्वनी क्रमांक. माहितीत चूक कोठेच नव्हती. ‘छान माहिती, सर’ असे प्रतिसादही आले. मात्र पुढच्या शिवारफेरीत त्यांना जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला, ‘कोणते औषध मारू?’ बोंड फोडून पाहिल्याचे कोणीही सांगितले नाही.

हुक, गोष्ट आणि कृतीचे आवाहन या तीन भागांची रचना लघुव्हिडिओसाठी सर्वत्र सुचवली जाते. सल्लागारानेही पुढे तीच स्वीकारली. पण ती उपयोगी ठरली तो क्रम उलटा होता. लिहायला त्यांनी शेवटापासून सुरुवात केली. व्हिडिओ पाहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्याने हाताने नेमके काय करायचे, हे त्यांनी एका वाक्यात लिहिले आणि ते वाक्य पक्के होईपर्यंत कॅमेरा बाहेर काढला नाही.

ते वाक्य असे होते : एका एकरातून वीस झाडांवरची प्रत्येकी एक, अशी वीस हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा, दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी असेल तर नियंत्रणाचा निर्णय घ्या, नसेल तर आठवड्याने पुन्हा मोजा. वीसपैकी दोन म्हणजे दहा टक्के, आणि हीच या किडीची आर्थिक नुकसानीची पातळी आहे. कामगंध सापळ्यांचाही निकष आहे : सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग. तो महत्त्वाचाच, पण सापळे सर्वांकडे नसतात. बोंडे सर्वांकडे असतात. म्हणून सापळ्यांचा विषय या व्हिडिओतून वगळला गेला. एका मिनिटात दोन कृती सांगितल्या की प्रेक्षक बहुधा एकही करत नाही.

त्यानंतर हुक. त्यांच्या पहिल्या मसुद्यात डोमकळी होती : पाकळ्या आतून अळीच्या धाग्यांनी जखडलेल्या, न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे पिळलेले फूल. दृश्य म्हणून ती अप्रतिम. अडचण एवढीच की हुक फुलाचा होता आणि आवाहन बोंडाचे. डोमकळी पाहून थांबलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी फुलेच शोधणार. म्हणून व्हिडिओचे दोन भाग झाले. फुलोऱ्याच्या सुरुवातीसाठी डोमकळीचा, ज्याचे आवाहन ‘डोमकळ्या तोडून अळीसह नष्ट करा’ एवढेच होते. आणि बोंडे भरू लागल्यावरच्या काळासाठी बोंडाचा. पहिल्या दृश्यात जी वस्तू दिसते तीच शेवटी शेतकऱ्याच्या हातात आली पाहिजे, हा त्यातून निघालेला नियम.

डोमकळीच्या चित्रीकरणात आणखी एक चूक थोडक्यात टळली. दृश्य दुपारनंतर टिपले होते आणि त्यातील एक फूल प्रत्यक्षात निरोगी होते. कपाशीचे फूल सकाळी पांढरट किंवा पिवळसर उमलते, संध्याकाळकडे मिटते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन सुकते. ते मिटलेले गुलाबी फूल अननुभवी डोळ्याला डोमकळी वाटू शकते. असा हुक प्रसारित झाला असता तर शेकडो निर्दोष फुले तोडली गेली असती. दृश्य पुन्हा सकाळी टिपले गेले आणि पाकळ्या सोडवून आतली अळी दाखवली गेली.

बोंडाच्या व्हिडिओचा हुक आता सुमारे पाच सेकंदांचा आहे. तळहातावर एक हिरवे, गुळगुळीत, बाहेरून निष्कलंक बोंड. आवाज येतो, ‘याला छिद्र दिसते का?’ आणि दोन अंगठ्यांनी बोंड फोडले जाते. पडद्यावर तोच प्रश्न ठळक अक्षरांत असतो, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात. भीतीचा हुक, म्हणजे ‘कापूस उद्ध्वस्त होणार!’ असा, कदाचित अधिक लोकांना थांबवील. पण घाबरलेला माणूस शेतात जाण्याऐवजी दुकानात जातो. गरज नसताना आणि लवकर केलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारणीने पांढरी माशी वाढते, हे कपाशीने अनेकदा दाखवून दिले आहे.

गोष्टीसाठी साधारण पस्तीस सेकंद राखले. त्यात एकच शेत आणि एकच चूक. एका शेतकऱ्याने आठवड्यातून दोनदा झाडे पाहिली, बोंडांवर छिद्र दिसले नाही, म्हणून तो निश्चिंत राहिला. वेचणीला बोंडे अर्धवट उमललेली आणि आतील कापूस कवडी झालेला निघाला. ही गोष्ट करुणा जागवण्यासाठी नाही. ‘छिद्र का दिसले नाही?’ हा प्रश्न ती उभा करते आणि जीवशास्त्राला तेवढ्यापुरतीच जागा देते. अंड्यातून निघालेली अळी अतिशय लहान असते. ती लवकरच बोंडात शिरते आणि बोंड वाढताना प्रवेशाचे छिद्र बुजते. आत ती सरकी खाते. तेथे फवारा पोहोचत नाही. म्हणूनच बाहेरून पाहणे निरुपयोगी आणि फोडणे आवश्यक. जीवनक्रमाच्या उरलेल्या अवस्था, कितीही रंजक असल्या तरी, येथे येत नाहीत. कीटकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्याला हा त्याग सर्वांत जड जातो.

आवाहनाच्या उरलेल्या वीसेक सेकंदांत सांगण्यापेक्षा करून दाखवणे अधिक. कोणते बोंड घ्यावे, तर साधारण दोन ते तीन आठवड्यांचे, अजून मऊ असलेले. लहान अळी पांढरी असते, गुलाबी रंग ती मोठी झाल्यावर येतो. ‘गुलाबी’ या नावामुळे पांढऱ्या अळ्या मोजणीतून सुटतात, म्हणून ती जवळून दाखवावी लागते. कोपऱ्यात तारीख आणि ‘लागवडीनंतर इतके दिवस’ ही नोंद कायम राहते, कारण असे व्हिडिओ पुढच्या हंगामातही फिरत राहतात आणि रोपावस्थेतील पिकात बोंडे शोधायला लावतात.

दूरध्वनी क्रमांकाचे काय करायचे, हा सल्लागाराच्या व्यवसायाचा प्रश्न होता. ‘आजच संपर्क साधा’ हे आवाहन त्याच्या हिताचे, पण त्याने मोजणीची जागा घेतली तर व्हिडिओ जाहिरात होतो. त्यांनी क्रमांक ठेवला, मात्र त्यापुढे एक अट लिहिली : ‘फोन करताना वीसपैकी किती, ते सांगा.’

व्हिडिओ कोठपर्यंत पाहिला गेला हे दाखवणारा आलेख ते पाहतात. पहिल्या पाच सेकंदांत रेषा कोसळली तर हुक बदलतात, मध्येच उतरली तर गोष्टीतील एखादे वाक्य काढतात. पण आवाहन पोहोचले की नाही हे तो आलेख सांगत नाही. ते फोनवर कळते. ‘कोणते औषध मारू?’ विचारणारे अजूनही आहेत. काही फोन मात्र आता ‘वीसपैकी एक निघाली, थांबू का?’ असे सुरू होतात, आणि त्यांना उत्तर मिळते : थांबा, पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस फोडा.